वरच्या खिडकीतला ठिपका

प्लोव्हदिव शहरातल्या माझ्या घरी बसून मी जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करते. माझ्या हातून एकही डाग सुटत नाही, असा मला माज होता. शेजारच्या नेदेल्काआजींच्या लग्नाचा फोटो मी लख्ख करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला.

"पोरी, वरच्या खिडकीतला पांढरा ठिपका कुठे गेला?"

"धूळ होती, आजी. काढली."

"माझी बहीण होती ती. क्षय झालेला, म्हणून खाली येऊ दिलं नव्हतं. तिचा दुसरा फोटो नाही."

पहिला स्कॅन मी कधीच बदलत नाही. तो उघडून खिडकी मोठी केली. ठिपक्याला नाक-डोळे काहीच नव्हते.

"थोडा स्पष्ट करून बघू?"

"राहू दे," आजी स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "हात हलवतेय ती."