अर्ध्या तासाची ओळ

नोटीस कोण वाचतं हो? चार पानांची, बारीक अक्षरातली, तळाला सात टिपा. बँकेच्या दारावर डकवली काय नि वर्तमानपत्रात छापली काय, सभासद वाचतात ते फोनवर येणाऱ्या फोटोखालचं कॅप्शन. आणि ते कॅप्शन लिहायचं काम गेली तीन वर्षं चिमीकडे होतं.

चिमी म्हणजे बँकेच्या मुख्य कार्यालयातली कंत्राटी लेखनिक. दर अकरा महिन्यांनी तिचं कंत्राट व्यवस्थापक साहेबांच्या सहीने वाढायचं. घरात ती आणि तिचे वडील अण्णा, दोघंच. अण्णा याच बँकेचे एक्केचाळीस वर्षांचे सभासद. त्यांचा सभासदत्वाचा भाग दाखला फ्रेम करून भिंतीवर लावलेला. लोक देव लावतात, यांनी दाखला लावला!

यंदाच्या वार्षिक सभेत आठवा विषय अण्णांचाच होता. त्यांनी संचालक मंडळाविरुद्ध सहकार निबंधकांकडे तीन तक्रारी केल्या होत्या, म्हणून "बँकेच्या हिताला बाधा आणल्याबद्दल सभासदत्वावरून काढून टाकणे". रीतसर महिनाभर आधी पत्र आलं होतं: सभेत हजर राहून म्हणणं मांडावं. ठराव व्हायला हजर सभासदांपैकी तीनचतुर्थांश मतं लागतात. अण्णांनी बोटांवर हिशेब केला आणि हसले.

"माझी पंचाहत्तर-ऐंशी माणसं येतात. त्यांची येऊन येऊन सत्तर. तीनचतुर्थांश कुठून आणणार, कपाळातून?"

मग ते एकदम गंभीर झाले. "चिमे, एक कर. कॅप्शनमध्ये अर्ध्या तासाची ओळ घाल. शंभर माणसांची गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, नि अर्ध्या तासाने तिथंच पुन्हा भरते. त्या दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही. आपल्या माणसांना हे ठाऊक नसतं. तहकूब म्हटलं की उठतात नि चालू पडतात."

"घालते, अण्णा."

तिने घातलीही. स्वच्छ, ठळक. पण साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, पेन घेतलं नि त्याच ओळीवर आडवी रेघ मारली.

"फार लांबतंय. नोटिशीत आहे की ती टीप, मग कायद्याने सगळं ठीक." पेनाचं टोपण लावता लावता ते सहज म्हणाले, "तुमचं कंत्राट सोमवारी टेबलावर येतंय ना? बघू."

झालं. तिने ओळ काढली आणि संध्याकाळी पाच वाजता कॅप्शन सगळ्या गटांवर गेलं.

घरी अण्णांनी विचारलं. त्यांचा फोन बटणांचा, त्याच्यावर फोटो येत नसत.

"घातलीस ना ओळ?"

"घातली," ती म्हणाली नि भाकरी उलटायला वळली.

सभा रविवारी, वाचनालयाच्या सभागृहात. दारात टेबल, टेबलावर हजेरीची वही. चिमी वहीवर बसली होती. ओळखपत्र बघायचं, सभासद क्रमांक शोधायचा, सही घ्यायची. अण्णांची माणसं साडेदहापासूनच येऊ लागली. निवृत्त कंपाउंडर आला, शिवणकाम करणाऱ्या तिघी बहिणी आल्या, काठी टेकत एक जुना टंकलेखक आला. प्रत्येकाने कॅप्शनमध्ये सांगितल्याप्रमाणे भाग दाखला आणि ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. ती पिशवी ते जपून उघडत होते, आणि चिमीला वर बघवेना.

अकराला पाच कमी असताना तिने सह्या मोजल्या. नव्वद. अण्णांचे अठ्ठ्याहत्तर, बारा संचालक. गणपूर्तीला शंभर हवेत. मग अध्यक्षांची माणसं कुठायत? तिने खिडकीतून बघितलं. समोरच्या चहाच्या दुकानात साठेक जण आरामात बसले होते. एकाचाही पाय इकडे वळत नव्हता.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओळ लांबत होती म्हणून काढलीच नव्हती.

अजूनही वेळ होता. उठायचं, आत जायचं, ओरडून सांगायचं, "कुणी जाऊ नका!" एवढंच. ती अर्धी उठलीसुद्धा. साहेब दाराच्या चौकटीत उभे होते. त्यांनी फक्त तिच्याकडे बघितलं. ती खाली बसली.

अकराच्या ठोक्याला अध्यक्षांनी माइक ओढला. "गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. पुढील कार्यवाही नोटिशीत म्हटल्याप्रमाणे." खट्ट. माइक बंद.

खुर्च्या सरकल्या. "चला, पुढची तारीख कळवतील," असं म्हणत लोक उठले. अण्णा पहिल्या रांगेत होते. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागला. तोवर निम्मं सभागृह जिन्यावर होतं.

"अहो थांबा! अर्ध्या तासाने इथंच आहे! जाऊ नका रे!"

जिन्यात गलका, त्यात म्हाताऱ्याचा आवाज किती पोचणार? ते कठड्याला धरून फाटकापर्यंत गेले. कंपाउंडर स्कूटर चालू करत होता. त्याने फोन काढून अण्णांपुढे धरला.

"अण्णा, यात तर असं काही नाही. तुमच्याच पोरीने लिहिलंय ना हे?"

अण्णांनी डोळे बारीक करून ते वाचलं. दोनदा वाचलं. पाच जण मागे फिरले, बाकीचे गेले.

साडेअकराला चहाचं दुकान रिकामं झालं. साठ जणांनी ओळीने सह्या केल्या, एकाने तर चिमीला "काय म्हणता?" असंही विचारलं. अहवाल, ताळेबंद, लेखापरीक्षक, सगळं "मंजूर, मंजूर" करत आठव्या विषयाशी आलं. अण्णांना बोलायला पाच मिनिटं दिली. त्यांनी लिहून आणलेले कागद खिशातून काढले, सभागृहाकडे एकदा बघितलं नि परत खिशात ठेवले.

"माझं म्हणणं ऐकणारी माणसं घरी गेली," एवढंच म्हणाले.

बाजूने बहात्तर, विरोधात सहा. ठराव आता निबंधकांच्या मंजुरीला जाणार होता, पण त्याचा निकाल काय लागणार हे शेंबडं पोरही सांगेल. शेवटचा विषय होता, सभेस अनुपस्थित राहिलेल्या सभासदांची अनुपस्थिती क्षमापित करणे. तोही एकमताने मंजूर झाला. चिमीने इतिवृत्तात लिहिलं. लिहिताना तिला स्वतःची किळस आली.

निघताना साहेब म्हणाले, "फोटो गटांवर टाकून द्या. आणि हो, सोमवारी सही करतो."

ती घरी आली तेव्हा भिंतीवरचा दाखला खाली होता. अण्णा त्याची काच फडक्याने पुसत बसले होते.

"आजचं टाकलंस का काही?"

"हो."

"वाच."

तिने फोन काढला. "आपल्या बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा सभासदांच्या उपस्थितीत खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली."

अण्णांनी मान हलवली. "आता ते आधीचं वाच. सभेचं बोलावणं. सगळं वाच."

तिने वाचलं. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयाच्या सभागृहात होईल. विषय: मागील इतिवृत्त, अहवाल व ताळेबंद, लेखापरीक्षकांची नेमणूक, आठव्या विषयासह नोटिशीतील इतर विषय. येताना भाग दाखला व ओळखपत्र सोबत आणावे. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे, ही विनंती."

ती थांबली. अण्णा वाट बघत राहिले.

"संपलं?"

"संपलं, अण्णा."

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं, दाखला पालथा केला आणि म्हणाले, "जेवून घे. उद्या तुला कामावर जायचंय."