विसालची क्वित्रा

तिलम्सेन शहरात त्या दिवशी शाळेचे निकाल लागले होते. विसालला वीसपैकी पंधरा मिळाले. धावत घरी येऊन ती थेट खोलीत गेली. तिचं तंतुवाद्य टांगायची भिंतीवरची खुंटी रिकामी होती.

"आई, माझी क्वित्रा?"

तिची आई जमीला रव्याच्या मकरूट वड्यांवर मध सोडत होती. तिने मान वर केली नाही. "बाबांनी ओरानला काकांकडे पाठवली. संगीताच्या वर्गातून तुझं नावही काढलं."

"पण चौदाच्या वर गुण आणले तर वाजवू देईन, म्हणाले होते ना?"

"चौदा वर्षांची झालीस. आज पाहुणे येताहेत. तारा छेडणारी सून त्यांना नको."

तीन वर्षांपूर्वी विसालला धड वाचता येत नव्हतं. अक्षरं एकमेकांत शिरायची, वर्गात हशा पिकायचा. मग ती शेख हादींच्या संगीतवर्गात जाऊ लागली. तिथे कागद नव्हता. शेख आधी ओळ टाळीवर म्हणून घेत. शब्दाचा कोणता तुकडा कोणत्या ठोक्यावर पडतो, कुठे लांबतो, कुठे थांबायचं. मग गळ्यातून, शेवटी तारांवर. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू पुस्तकातल्या शब्दांचे तुकडेही तिला ऐकू येऊ लागले. आठ ठोक्यांचं आवर्तन निम्मं, पाव करता करता अपूर्णांकांची भीती गेली. शेख म्हणायचे, "वाद्य गुण देत नाही, पोरी. कान देतं आणि धीर देतं. अभ्यास तुझा तुलाच करायचाय."

संध्याकाळी पाहुणे आले. पुदिन्याचा चहा ओतता ओतता तिचे बाबा मुराद फुशारकी मारत होते, "पंधरा! गणिताची खास शिकवणी लावली होती. नाहीतर आमची पोर कसली हुशार!"

विसालने हातातलं तबक खाली ठेवलं. दारात उभी असलेली जमीला अचानक म्हणाली, "खोटं आहे. शिकवणी दोन महिन्यांतच सुटली. पोरगी वाचायला शिकली ती शेखांच्या टाळीवर. आज तिची क्वित्रा तुम्ही पळवलीत."

"जमीला! आत जा!"

"मीही चौदाव्या वर्षी अशीच आत गेले होते. माझी मँडोलिन मावशीने चुलीत घातली. हिच्या लग्नाचं आता बोलायचं नाही."

पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला. ते गेल्यावर मुरादने कप आपटला आणि तो बाहेर निघून गेला.

जमीलाने लेकीला जवळ घ्यायला हात पुढे केला. विसाल मागे सरकली.

"ओरानला पाठवायला क्वित्रा बांधली तेव्हा तू घरात होतीस?"

"होते."

"दोरी कुणी दिली?"

जमीलाने पुढे केलेला हात मागे घेतला. दोरी तिनेच दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमीला शेखांच्या दारात एकटीच उभी होती. लेकीचं नाव पुन्हा लिहून घ्या म्हणाली. शेखांनी विचारलं, "मुलगी कुठंय?"

"येईल की नाही, ठाऊक नाही," ती म्हणाली. "तिचा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. तो परत मिळेपर्यंत मी रोज इथे येऊन ती आली का, विचारीन."