पेडगावचं चार पॉइंट एक

दूध संघाचे अध्यक्ष व्यंकटराव यांना आपल्या केबिनमधल्या टीव्हीचं इतकं कौतुक होतं की, ते पाहुण्याला चहाआधी तो दाखवायचे. सहा गावांतल्या दुधाच्या टाक्या, प्रत्येकीचं तापमान, आणि वर ठळक अक्षरांत ‘शेवटचे अपडेट’. ती वेळ कधी मिनिटभरसुद्धा मागे पडत नसे. पडणार कशी? हा डॅशबोर्ड बनवणाऱ्या सारंगने तिथे पान ताजं झाल्याची वेळ टाकली होती आणि पान दर मिनिटाला आपोआप ताजं व्हायचं. काम उरकायच्या घाईत केलेलं, नंतर बदलू म्हणून ठेवलेलं. नंतर कधी येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या मंगळवारी दुपारी पेडगावच्या टाकीतलं सहाशे लिटर दूध नासलं. टँकरवाल्याने झाकण उघडलं आणि नाक धरून परत लावलं.

“दगडाबाईचा हलगर्जीपणा,” व्यंकटराव म्हणाले. “आजपासून केंद्राची किल्ली काढून घ्या. सारंग, स्क्रीनचा फोटो काढून दे. दोन सदतीसला चार पॉइंट एक दाखवायलंय. म्हणजे मशीन ठीक, बाई बेठीक.”

दगडाबाई केबिनमध्ये समोरच उभ्या होत्या. तेरा वर्षं पेडगावचं दूध केंद्र त्या चालवत होत्या. पूर्वी टाकीत थर्मामीटर बुडवायच्या आणि आकडा, वेळ पाटीवर लिहायच्या. डिजिटल झाल्यावर अध्यक्षांनी पाटी माळ्यावर टाकायला लावली होती.

“साहेब, सकाळचं दूध ओतलं तवापास्नं गार करायची मशीन गप होती. भिंतीवरचा आकडाबी इझलेला. बल्ब मात्र चालू. म्या तीनदा दत्तरावला फोन केला.”

दत्तराव, संघाचे कारकून, मान खाली घालून म्हणाले, “केला होता. मी टीव्ही बघून सांगितलं, चार पॉइंट एक हाय, वेळबी आत्ताची हाय. गार झालं की मशीन गप बसतीच, म्हणलं.”

सारंगने लॅपटॉप उघडून पेडगावच्या नोंदी काढल्या. शेवटचं मोजमाप पहाटे सहा अठ्ठेचाळीसचं. तेव्हा टाकीत फक्त आदल्या संध्याकाळचं, गार झालेलं दूध होतं. बल्ब चालू आणि मशीन बंद, म्हणजे त्यानंतर विजेच्या तीनपैकी एक फेज गेली होती. दिवे दुसऱ्या फेजवर म्हणून जळत राहिले. मशीनला तिन्ही लागतात, ती बसली. आणि आकडा पाठवणारा डबा नेमका गेलेल्या फेजवर. टाकी मुकी झाली होती आणि पडदा तिच्या वतीने आठ तास बोलत होता.

फोटो काढून दिला असता तर सारंगचं नाव कुठेच आलं नसतं. त्याला तो मोह झाला, अगदी खरा झाला. मग दगडाबाईंनी विचारलं.

“सारंगा, पाटीवर म्या बघायची तवाची येळ लिहायची. ही येळ कुणी बघितल्याची रं?”

“कुणीच बघितलं नव्हतं, मावशी,” तो म्हणाला. “ती पान ताजं झाल्याची वेळ आहे. चूक माझी आहे. दूध माझ्या वेळेनं नासलं.”

व्यंकटरावांनी टीव्हीकडे पाहिलं. तिथे आता दोन एकेचाळीस झाले होते, चार पॉइंट एक तसंच.

“मग नोंद इथं पोचल्याची वेळ टाक.”

“तीही खोटी पडेल, साहेब. रेंज नसली की डबा आकडे साठवतो आणि नंतर एकदम पाठवतो. सकाळचं मोजमाप दुपारी पोचून ताजं म्हणून मिरवेल. टाकीत मोजलं ती वेळ, प्रत्येक टाकीची वेगळी. वर एकच लिहायची तर सगळ्यांत जुनी. आणि पंधरा मिनिटं मोजमाप आलं नाही की आकडाच पुसायचा.”

“उद्या दूध घेणाऱ्या कंपनीचे लोक यायलेत, आन् मी त्यांना पुसलेला आकडा दाखवू?”

“आज भरलेला दाखवलाच की,” दगडाबाई म्हणाल्या.

किल्ली त्यांच्याकडेच राहिली. व्यंकटरावांनी माफी मागितली नाही. ती त्यांच्या घराण्यात नाही. सारंगने मात्र वाकून नमस्कार केला आणि संध्याकाळपर्यंत बसून पान बदललं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे केबिनमध्ये बसले आणि व्हायचं तेच झालं. पाच गावं हिरवी, पेडगावपुढे राखाडी अक्षरं: ‘माहिती नाही. शेवटचं मोजमाप ९:०४.’ घड्याळात साडेनऊ.

“पेडगावला काय झालं?” पाहुण्यांनी विचारलं.

व्यंकटरावांचे ओठ ‘चार’ म्हणायला उघडलेले सारंगला स्पष्ट दिसले. मग त्यांनी फोन उचलला.

“दगडाबाई, टाकीत किती हाय?”

फोन स्पीकरवर होता. तिकडून बादलीचा आवाज आला, मग दगडाबाईंचा.

“दम धरा. आदी बघते, मग सांगते.”

सगळे टीव्हीकडे पाठ करून थांबले.