उंच शेवगा

भावोजींना गच्चीवरच्या प्रत्येक झाडाबद्दल मत होतं, फक्त पाणी घालायला वेळ नव्हता. त्यांच्या मोबाईलवर ‘हिरवी गच्ची’ नावाचा गट होता. त्यात पन्नासेक माणसं, आणि त्या पन्नासेक माणसांचे भावोजी मार्गदर्शक. हे पद त्यांना कोणी दिलं, असं मी एकदा ताईला विचारलं. ती भाजी निवडत म्हणाली, “ज्याने गट काढला त्याने.”

मी तेव्हा ताईकडे राहायचे. माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि तिचं घर तिथून जवळ होतं. त्यामुळे शेवग्याची गोष्ट मी सुरुवातीपासून पाहिली.

रस्त्यावरच्या शेवग्याच्या फांद्या विजेच्या तारांना लागत होत्या म्हणून वायरमननी त्या पाडल्या. ताईने त्यातली मनगटाएवढी जाड, पक्क्या लाकडाची फांदी निवडली आणि तिचा हातभर लांबीचा तुकडा कापून घेतला. बुडाकडचा काप तिरका घेतला, शेंड्याकडचा सरळ, म्हणजे खालचं टोक कोणतं हे नंतर कळावं. तुकडा काही दिवस सावलीत ठेवायचा, काप सुकला की मग लावायचा, असं तिचं ठरलं होतं. ओला काप ओल्या मातीत गेला की कुजतो.

भावोजींना मात्र फोटो त्याच दिवशी हवा होता.

“अगं, लोक वाट बघतायत.”

“फांदी सुकायला हवी अजून.”

“सुकलेली फांदी लावतात होय? ताजी ती ताजी!” असं म्हणून त्यांनी ती पिंपात खोचली, शेजारी गुडघा टेकून बसले आणि मला फोटो काढायला लावला. गटात टाळ्यांचा पाऊस पडला. फोटोत फांदी उलटी होती. तिरका काप वर, आकाशाकडे. पन्नासेक निसर्गप्रेमींपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. संध्याकाळी ताईने फांदी उपटली, पुसली आणि जिन्याखाली सावलीत आडवी ठेवून दिली.

पिंप तिनेच तयार केलं होतं. निळं, प्लॅस्टिकचं, कमरेएवढं उंच. तळाला भोकं पाडली, खाली विटा घातल्या, म्हणजे पाणी साचायला नको. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत. काप सुकल्यावर तिने फांदीचा तिसरा हिस्सा मातीत पुरला, एकदा पाणी दिलं आणि मग हात आवरता घेतला. रोज बोट खुपसून बघायची. बोटाची दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. भावोजी जाता-येता म्हणायचे, “काठीला काय पाणी घालतेस गं,” आणि डोळे फुटल्याबरोबर त्याच काठीचा ‘माझा शेवगा’ झाला.

शेवगा खांद्याला लागला तेव्हा शेंडा खुडायला हवा होता. शेंडा खुडला की बाजूचे डोळे जागे होतात, झाड पसरतं, शेंगा हाताशी येतात. ताई खुडायला गेली तर भावोजी आडवे आले.

“वाढत्या झाडाची मान मोडतेस? पोटच्या पोरासारखं वाढवलंय मी त्याला!”

“तुम्ही?”

“म्हणजे आपण.”

झाड उंच होत गेलं. एका दांडीवर उभं, वर छत्रीएवढा पाला आणि खाली उघडा खांब. भावोजी आठवड्याला उंची मोजून गटावर टाकायचे. मी त्यांना एकदा सांगितलं, की फांदीपासून लावलेल्या झाडाला बियांच्या झाडासारखं सोटमूळ नसतं. मुळं पिंपात उथळ पसरतात, आणि शेवग्याचं लाकूड ठिसूळ. वारा आला तर पिंपासकट आडवं होईल. ते कौतुकाने हसले. “मेहुणीबाई, पुस्तकं ठेवा बाजूला. झाडाला माणूस कळतो.” आणि त्याच रात्री, वारा सुटल्यावर, त्यांनी माणूस कळणारं झाड पाण्याच्या टाकीच्या पाइपला दोरीने करकचून बांधलं.

पहिल्या हंगामात शेंगा लागल्या त्या पार वर. खालून दिसेपर्यंत निबर झाल्या. भावोजींनी बांबूला कोयता बांधून त्या पाडल्या आणि ताईच्या हाती दिल्या, जणू आकाशातले तारे.

ताई त्या घेऊन कोपऱ्यावरच्या खानावळवाल्या काकूंकडे गेली. मीही बरोबर होते. काकूंनी एक शेंग हातात घेतली, दोन्ही टोकं धरून वाकवली. शेंग वाकली, मोडली नाही.

“ही जेवायला आणलीस की कपडे वाळत घालायला?”

काकूंनी शेंग ताईच्या हातात परत ठेवली.

“ऐक. मला कोवळी लागते. करंगळीएवढी जाड, कट्‌कन मोडणारी. बाजारात सगळे जून झाल्यावर तोडतात, वजन भरतं म्हणून. येत्या हंगामात तू तशी आणलीस तर दुसऱ्या कुणाकडून घेणार नाही मी. नाही आणलीस तर मात्र मी बघेन माझं.”

परत येताना ताई नेहमीपेक्षा भरभर चालत होती. भावोजींची बदली झाली तेव्हा तिने शाळेतली विज्ञान शिकवायची नोकरी सोडली होती. त्याबद्दल घरात कोणी पुन्हा अवाक्षर काढलं नव्हतं. त्यानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे कोणी काही मागितलं होतं, आणि ते तिला जमण्यासारखं होतं. फक्त झाड कापायला हवं होतं, तेही लगेच, शेंगा संपल्या संपल्या. शेवग्याला फूल येतं ते नव्या फुटव्यावर. उशीर केला तर फुटवे उशिरा आणि हंगाम हातचा जाणार.

“गटाची भेट होऊ दे, मग बघू,” भावोजी म्हणाले. भेट पुढे गेली. मग उंच झाडांची स्पर्धा होती. तिचा आयोजकही तेच, परीक्षकही तेच. मग म्हणाले, “शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला एवढं टेकू दे.”

“टेकून काय होणार?” मी विचारलं.

“काय होणार म्हणजे? टेकेल!”

एका रविवारी ते ‘वनस्पतींशी संवाद’ या विषयावर भाषण द्यायला गेले. ते खाली रिक्षात बसले आणि ताईने माळ्यावरून करवत काढली.

तिने आधी वरचा भार तुकड्या-तुकड्यांनी उतरवला. मी दोरी धरली होती. मग पिंपाच्या काठापासून हातभर वर, एका डोळ्याच्या थोडं वर, खालच्या बाजूने अर्धवट काप घेतला. एकदम वरून कापलं तर फांदी पडताना साल सोलत नेते. मग वरून करवत चालवली. काप तिरका, पाणी ओघळून जाईल असा. पिंपात उरला तो एक खुंट आणि त्यावर पाच-सहा डोळे. ताई घाम पुसत ते बघत राहिली. तिला इतकं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

भावोजी आले, गच्चीवर गेले आणि तिथूनच ओरडले, “खून! हा खून आहे!” आठवडाभर जेवताना ते ताईशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर मला सांगायचे. ताई दोन घास जास्त जेवायला लागली.

तीन आठवड्यांत खुंटाला फुटवे आले. नेमका तेव्हाच गट भेटीला आला. लोक खुंटाकडे बघत उभे राहिले आणि भावोजींनी घसा खाकरला.

“मीच छाटलं,” ते म्हणाले. “धाडस लागतं. झाड माझ्याशी बोललं, म्हणालं, मला हलकं कर.”

मी ताईकडे बघितलं. ती चहाचे कप गोळा करत होती. स्वयंपाकघरात मी तणतणले तर म्हणाली, “घेऊ दे ना श्रेय. ते काय शिजवायचंय मला?”

फुटवे वीतभर झाल्यावर तिने चार चांगले ठेवले, बाकीचे काढले. ते हातभर झाले तेव्हा प्रत्येकाचा शेंडा खुडला. झाड डोक्याच्या उंचीचं झुडूप झालं, फांद्यांना फांद्या. दोरी काढून टाकली. मग एका सकाळी तिने मला हाक मारली. टोकांशी कळ्यांचे बारीक घोस आले होते.

आणि त्याच आठवड्यात भावोजींनी गटावर जाहीर केलं: ‘शेवग्याची छाटणी, प्रत्यक्ष प्रात्यक्षिक. कात्री आणू नये, माझी आहे.’

“आता छाटायचं नाही,” ताईने सकाळीच सांगितलं. “कळ्या आल्यात. आता कापलं तर हंगाम गेला.”

“मागच्या वेळी कापलं तर फुललंच ना? कापलं की फुटतं. साधं शास्त्र आहे.”

“ते शेंगा संपल्यावर कापलं होतं.”

“अगं, लोक निघालेत घरून!”

लोक आले. वीसेक जण पिंपाभोवती दाटीने उभे राहिले. भावोजींनी पांढरी टोपी घातली होती आणि नवी कात्री उंच धरली होती. ते म्हणाले, झाडाला शिस्त हवी, माणसालाही हवी. ताई पुढे झाली.

“अहो, थांबा. या कळ्या आहेत.”

“आमच्या हिला फार माया झाडांची,” भावोजी लोकांना म्हणाले. लोक हसले. आणि कच्‌कन एक मोठी फांदी खाली पडली, कळ्यांच्या घोसांसकट.

ताईने त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली. हिसकावली नाही. मुलाच्या हातातून सुरी काढून घेतात तशी घेतली, अलगद आणि घट्ट.

“मागच्या वेळी मी कापलं होतं,” ती म्हणाली. आवाज वर्गात बोलतात तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “यांनी नाही. आणि आता कापायचं नसतं.”

कोणीच हसलं नाही. भावोजींनी टोपी नीट केली, जी नीटच होती. मग एक जाडसर बाई, बहुधा त्यांचीच सगळ्यात जुनी शिष्या, पडलेली फांदी उचलून म्हणाली, “मग कधी कापायचं हो? माझ्याकडे पण आहे, तारेला लागेल इतका वाढलाय. यांनीच सांगितलं होतं, कापू नका.”

ताईने सांगितलं. शेंगा उतरल्यावर, कितीवर, कुठल्या डोळ्यावर. लोकांनी मोबाईल काढून तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. भावोजी टाकीपाशी गेले आणि फोन आलेला नसताना फोनवर बोलू लागले.

उरलेल्या तीन फांद्या फुलल्या. काळे मोठे भुंगे दिवसभर घुमायचे. शेंगा लोंबू लागल्यावर ताई एक दिवसाआड गच्चीवर जायची आणि करंगळीएवढ्या झालेल्या तेवढ्या तोडायची. शिडी नाही, बांबू नाही, नुसता हात वर करून. ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी सकाळीच काकूंच्या खानावळीत पोचायची. काकूंनी पहिल्या दिवशी दोन मोडून बघितल्या. नंतर बघणं सोडून दिलं.

चौथ्या फांदीला त्या हंगामात एकही शेंग आली नाही. कापलेल्या जागेवरून तिला नुसता पाला फुटला, गर्द, भरघोस, बाकी सगळ्यांपेक्षा वर. भावोजींनी तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि गटावर टाकला. खाली लिहिलं, ‘माझ्या हातची छाटणी. फरक बघा.’