पत्रातलं चौथं कलम

ज्योतीरामला जाऊन तीनच दिवस झाले होते. मन्सूरने वहीचा कागद फाडला आणि पिंपळदरे ग्रामपंचायतीला पत्र लिहायला बसला.

मन्सूर पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर काम करायचा, राहायचा दिघीला. पुण्यातल्या एका प्राणिप्रेमी मंडळाकडून साप धरायला शिकून त्याला सहा वर्षं झाली होती. शिफ्ट सुटली की कुठून बोलावणं आलं तर सायकलवर टांग टाकून निघायचा. चहापलीकडे कुणाकडून काही घ्यायचा नाही. ज्योतीराम त्याच्याच खात्यातला, परभणीकडचा. चाकणजवळच्या पिंपळदऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याच्या खोलीत नाग निघाला. निरोप मिळून मन्सूर पोचेपर्यंत दारात पंचवीस माणसं काठ्या घेऊन जमली होती. नाग कोपऱ्यात कोंडला गेला, ज्योतीरामने चुलीतल्या लाकडाने त्याला डिवचलं, आणि नाग मनगटाला चावला. लोकांनी त्याच्या दंडाला करकचून सुतळी बांधली, ब्लेडने जखम चिरली आणि त्याला देवळात, मंत्राने विष उतरवणाऱ्या भैरूबाबा भगतापुढे नेऊन बसवलं. मन्सूरने हातापाया पडून त्याला जीपमध्ये घातलं तेव्हा चावून चार तास उलटून गेले होते. पापण्या उचलत नव्हत्या. पुण्याच्या वाटेवरच श्वास थांबला.

"हे चौथं कलम काढा," मन्सूरच्या बायकोने, फरीदाने, पत्र वाचून सांगितलं. ती उर्दू शाळेत शिकवायची, पण तिचं मराठी त्याच्यापेक्षा चांगलं होतं. "बाकी सगळं नीट आहे. ह्याने माणसं बिथरतील."

"खोटं आहे का ते?"

"खोटं कुठे म्हणतेय मी?"

मन्सूरने काढलं नाही.

मंगळवारी पंचायतीची मासिक सभा होती. सरपंच सोपानरावांनी मन्सूरला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. चावडीत सतरंजीवर पंच बसले, दाराबाहेर बाकीचं गाव उभं राहिलं. ग्रामसेवक पत्र वाचू लागला.

"एक. घरात साप दिसला तर मारायला किंवा धरायला जाऊ नये. पोराबाळांना आणि गुरांना लांब करावं. शहाण्या एका माणसाने आठ-दहा पावलांवरून नजर ठेवावी, म्हणजे साप कुठे शिरला ते कळेल. बाकीच्यांनी गलका करू नये. सापाला निघायची वाट मोकळी असली तर तो बहुधा आपणहून जातो.

"दोन. दिघीत इम्तियाजच्या सायकल दुकानात फोन आहे, तिथे निरोप द्यावा.

"तीन. साप चावला तर चिरू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. माणसाला चालवू नये. चावलेला हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढून ठेवावीत आणि तडक पुण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावं. सापाच्या विषावर औषध फक्त तिथेच आहे. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नये.

"चार." ग्रामसेवक अडखळला. त्याने सोपानरावांकडे पाहिलं.

"वाचा की."

"चार. भगताकडे नेणं म्हणजे माणूस हातानं मारणं आहे. पंचायतीनं त्यावर बंदी घालावी."

 भैरूबाबा खांबाला टेकून बसले होते. सत्तरीचा काटक म्हातारा. ते सावकाश उठले.

"मी ज्योतीरामला मारला व्हय?"

 बाहेरून एकदम आवाज चढले. परक्या माणसानं गावाला काय शिकवावं, असं एकजण ओरडला. सोपानरावांनी हात वर केला.

"मन्सूरभाई," भैरूबाबा म्हणाले, "लोक माझ्याकडं का येत्यात, ठावं हाय? तिकडं पुण्यात गरिबाला कोण वळखतंय? वऱ्हांड्यात टाकून ठेवत्यात. मी त्याच्या पायाशी बसतो. जगला तर उठून घरी जातो, न्हाई तर डोळे झाकतो. पर उठत न्हाई मी."

मन्सूरच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण त्या दिवशी जीपमध्ये ज्योतीराम बोबड्या जिभेने भैरूबाबांनाच हाका मारत होता, हे त्याला आठवलं. बरोबर बसलेला मन्सूर त्याला धीर द्यायचं सोडून ड्रायव्हरवर ओरडत होता.

"ग्रामसेवक, पेन द्या," तो म्हणाला. त्याने गुडघ्यावर कागद ठेवून चौथं कलम खोडलं, खाली दुसरं लिहिलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. "चार. भैरूबाबांना निरोप द्यावा आणि त्यांना रोग्याबरोबर गाडीत बसवून दवाखान्यात न्यावं. मंत्र म्हणायचे ते गाडीत म्हणावेत. गाडी थांबवू नये."

कुणीतरी हसलं. भैरूबाबा हसले नाहीत, काठी उचलून निघून गेले. ठराव मात्र झाला, आणि पत्राची नक्कल चावडीच्या दाराला लागली.

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, इम्तियाज धावतच घरी आला. "पिंपळदऱ्याचा फोन! भैरूबाबांच्या घरी सरपणात साप. त्यांच्या मंडळींना चावला."

मन्सूर पोचला तेव्हा भैरूबाबांच्या अंगणात कुणी नव्हतं. माणसं लांब चिंचेखाली उभी होती आणि सोपानराव एकटेच अंतर राखून सरपणाच्या ढिगाकडे बघत उभे होते. "तिथंच हाय. हाललं न्हाई. कुकरच्या शिट्टीगत फुसकारतंय." ती घोणस होती. मन्सूरने पत्र्याच्या नळीला पिशवीचं तोंड बांधलं, लांब आकड्याने वरची लाकडं एकेक करून सारली आणि नळी घोणशीपुढे धरली. अंधारी जागा दिसताच ती हळूहळू आत सरकली.

"बाई?" पिशवी बांधून झाल्यावर त्याने विचारलं.

"टेंपोतनं गेल्या. पायाला फळी बांधून. जोडवी मीच काढली." सोपानराव जरा थांबले. "बाबा बी गेलेत."

घोणस ओढ्यापलीकडच्या माळावर सोडून मन्सूरने पुण्याची एसटी धरली. दवाखान्यात भैरूबाबांची बायको सुभद्राबाई खाटेवर होत्या. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी त्यांचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवलं होतं. नळी कलती केली तर ते पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. सलाईनमधून विषावरचं औषध सुरू झालं होतं. सहा तासांनी पुन्हा तशीच नळी पाहिली, मग आणखी औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीतल्या रक्ताने घट्ट गाठ धरली होती.

"आता धोका टळला म्हणायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "लवकर आणलंत. आणि पाय अजिबात हलू दिला नाहीत."

पाय भैरूबाबांनी धरून ठेवला होता. सबंध रस्ता, टेंपोच्या फळीवर मांडी घालून, दोन्ही हातांनी. मंत्रही म्हटले होते. ड्रायव्हर सांगत होता, एकदाच रेल्वेचं फाटक लागलं तेव्हा म्हाताऱ्याने त्या फाटकवाल्याला अशा शिव्या घातल्या की त्याने जन्मात ऐकल्या नसतील.

मन्सूर रात्री घरी गेला होता, तो कंपनीत खाडा करून सकाळीच दवाखान्यात परत आला होता. भैरूबाबा व्हरांड्यात भिंतीशी उकिडवे बसले होते. तो शेजारी बसला. 

"धामण चावली, दिवड चावली, ती समदी माझ्या हातनं वाचली," म्हातारा समोर बघत म्हणाला. "ज्यांना खरं इख चढलं, ती गेली. मला वाटायचं, देवाची मर्जी." एकेक बोट मुडपत त्यांनी मोजायला सुरुवात केली. "रखमाचा नातू. भिमाजी. शालनची सून, पोटुशी व्हती. ज्योतीराम..."

पाचवं बोट मुडपलं, पण नाव न घेता त्यांनी आत सुभद्राबाईंच्या खाटेकडे पाहिलं आणि हात तसाच राहिला.

 मन्सूरने त्या मुठीवर आपला हात ठेवला, मग उठला आणि दोन कप चहा आणायला गेला.