तीन दिवसांची मुदत

ज्यांचा फोन नंबर गेला, त्यांना त्यांचं ऑनलाइन खातं परत मिळवून द्यायचं, हे माझं काम. नियमही मीच केलेला: तीन दिवस थांबायचं, तोवर खातेदाराच्या ईमेलवर विचारणा करायची.

चॅटवर एक बाई काकुळतीला आली. जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, पहिली शाळा, सगळं अचूक. माझं मेलं मन विरघळलं. मी ईमेल पाठवला, पण उत्तराची वाट न बघता लगेच खातं उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ईमेलला उत्तर आलं: "ही मी नाही, माझा नवरा असेल. त्याच्या भीतीनंच घर सोडलंय. खातं उघडू नका, त्यात माझा नवा पत्ता आहे."

नवऱ्याला बायकोची सगळी उत्तरं पाठ असणार, एवढंही मला सुचू नये?

ती मुदतीत बोलली होती. मुदत मीच पाळली नव्हती.