ताईच्या वाट्याचे आठ हजार दोनशे

शिंप्याने मापांच्या वहीतला कोरा कागद फाडला, कात्री बाजूला सरकवली आणि कापायच्या टेबलावरच पत्र लिहायला बसला. पहिल्या ओळीत त्याने ताईची तब्येत विचारली. दुसऱ्या ओळीत परत तब्येतच विचारली, कारण पुढे काय लिहावं ते त्याला सुचेना.

ताई म्हणजे त्याची आतेबहीण. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली, आता निवृत्त. लहानपणी त्याला भागाकार येत नव्हता तेव्हा तिनेच पाठीवर हात ठेवून शिकवला होता, एकदाही न रागावता. "घाई नको, एकेक पायरी मांड," एवढंच म्हणायची. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, आणि बोलणं संपवायचं कोणी यावरच दहा मिनिटं जायची. अशा माणसाकडे पैसे मागायचे म्हणजे जिभेला गाठ पडते.

पण मागितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. धाकट्या आत्याच्या घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तिघा भाचरांनी ठरवलं होतं, खर्च तिघांत सारखा. ताई, शिंपी आणि ट्रक चालवणारा शिंप्याचा चुलतभाऊ, ज्याला लहानपणापासून सगळे भोपळ्या म्हणत. सुतार शिंप्याच्या ओळखीचा, म्हणून खर्च त्यानेच पुढे होऊन केला. भोपळ्याने तोंडी आकडा ऐकूनच आपला वाटा पोचवला. ताईने सुरुवातीला पाच हजार दिले होते, बाकीचं हिशेब झाल्यावर देईन म्हणाली होती. काम संपून दोन महिने झाले, हिशेब काही कागदावर आला नाही, कारण तो लिहायचा होता शिंप्याने. आणि इकडे दुकानातल्या ओव्हरलॉक मशीनचे दोन हप्ते थकले होते.

"फोनवर सांगून टाका की," बायको काज करता करता म्हणाली.

त्याने मान हलवली. ताईच्या घरात हिशेब तोंडी करायची पद्धत नव्हती.

शेवटी त्याने लिहिलं ते असं:

"प्रिय ताईस सप्रेम नमस्कार. तब्येत बरी असेल. आत्याच्या छपराचा हिशेब पाठवायला मला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस. चोवीस पत्रे, प्रत्येकी नऊशे पन्नास, म्हणजे बावीस हजार आठशे. लाकूड सात हजार चारशे. दोन माणसं सहा दिवस, रोजचे प्रत्येकी आठशे, म्हणजे नऊ हजार सहाशे. स्क्रू आणि वायसर अकराशे पन्नास. टेम्पो बाराशे. एकूण बेचाळीस हजार एकशे पन्नास. जुने पत्रे भंगारात गेले त्याचे दोन हजार पाचशे पन्नास वजा. राहिले एकोणचाळीस हजार सहाशे. तिघांत प्रत्येकी तेरा हजार दोनशे. तुझे पाच हजार आले आहेत, म्हणून तुझ्याकडून आठ हजार दोनशे येणं निघतं. पण तू आठ हजार दिलेस तरी पुरे. सवडीने पाठव, घाई नाही."

शेवटची दोन वाक्यं लिहिताना त्याला बरं वाटलं. गिऱ्हाइकाचा सदरा शिवताना तो शिवणीच्या आत इंचभर कापड नेहमी जास्तीचं सोडायचा, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून. ताईच्या हिशेबातही तसंच थोडं सैल सोडलं, असं त्याला वाटलं. घाई नाही हे तर चक्क खोटं होतं.

पत्र टाकल्यावर पहिल्या रविवारी ताईचा फोन आला नाही. पोचलं नसेल, तो म्हणाला. दुसऱ्या रविवारीही आला नाही. त्याने स्वतः केला तर बराच वेळ वाजून बंद पडला. तिसऱ्या रविवारी तो सकाळपासून फोन समोर ठेवून बसला, एका पँटची शिवण दोनदा उसवली आणि बायकोने विचारलं तेव्हा मशीनला दोष दिला.

"दोनशेसाठी बहीण गेली माझी," तो म्हणाला. "पैसे मागायलाच नको होते."

"दोनशे तर तुम्ही सोडलेत. मागितले आठ हजार," बायको म्हणाली.

"मग आठ हजारांसाठी गेली."

त्याने लगेच दुसरा कागद फाडला. जाऊ दे ताई, पैसे राहू देत, असं लिहायचं त्याच्या मनात होतं. बायकोने कागद काढून घेतला आणि त्यावर बटणं मांडली. मशीनवाले तुमची ताई नाहीत, ते मशीन उचलून नेतील, असं तिने शांतपणे सांगितलं. त्याला पटलं नाही असं नाही. पण मशीन गेलं तर दुसरं येईल आणि ताईचा फोन कुठून येणार, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

मंगळवारी जाड पाकीट आलं. आत त्याचंच पत्र होतं. ताईने ते लाल पेन्सिलीने तपासलं होतं. चोवीस गुणिले नऊशे पन्नास, बरोबर. बेरीज, बरोबर. भंगाराची वजाबाकी, बरोबर. शेवटच्या ओळींवर मात्र दोन आडव्या रेघा होत्या. सोबत तिचं स्वतःचं पान, अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं आणि सुटं.

"अनेक आशीर्वाद. तुझा हिशेब मिळाला. बेरीज-वजाबाकी चोख आहे, पण एक पायरी तू गाळलीस. मी दोन आठवडे मावशीकडे, म्हणजे तुझ्या धाकट्या आत्याकडे, जाऊन राहिले होते. पत्रे मोजले, चोवीस आहेत. सुतारालाही भेटले. तो म्हणाला, सहा दिवस त्या दोघांचं जेवण आणि चहा तू हॉटेलातून मागवत होतास. रोजचे दीडशे. ते नऊशे कुठे आहेत? खर्च चाळीस हजार पाचशे, वाटा तेरा हजार पाचशे, माझे पाच हजार वजा, म्हणून मी आठ हजार पाचशे देणं लागते. चेक जोडला आहे. भोपळ्याकडून तीनशे येणं आहे, त्याला मी वेगळं लिहिलं आहे.

आता दोनशेचं. भोपळ्याला सूट दिलीस का? नाही दिलीस. मग मला का? पेन्शनीत आले म्हणून? माझा वाटा कमी करशील तर मावशी तेवढी माझी कमी होते, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. हिशेब पुरा होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून फोन केला नाही. करमलं नाही, ते वेगळं."

शिंप्याने पत्र बायकोला वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद त्याने दोनदा वाचला. बायकोने चेकवरची तारीख पाहिली आणि उद्याच बँकेत जा म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी फोन वाजला. ताईने आधी विचारलं, चेक मिळाला का, आकडा बरोबर आहे का.

"बरोबर आहे, ताई. चूक माझीच होती," तो म्हणाला.

"चूक नव्हती रे, सूट होती. ती पुन्हा देऊ नकोस."

"नाही देणार."

"आणि पोच लिहून पाठव. तोंडी चालत नाही."

पाठवतो म्हणाला. मग तिने मावशीच्या नव्या छपराखाली पडल्या पडल्या पहिल्या रात्री काय काय ऐकू आलं ते सांगायला सुरुवात केली, आणि शिंप्याने मशीनवरचा पाय काढून भिंतीला पाठ टेकली.